क्रेडिट कार्डचे बिनव्याजी दिवस कसे मोजायचे: खरेदी, बिल आणि मुदत या तीन तारखांचा हिशेब

पहिलं क्रेडिट कार्ड हातात आलं की सोबतच्या पत्रकात ‘५० दिवसांपर्यंत बिनव्याजी’ असं ठळक अक्षरात छापलेलं असतं. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कुठलीही वस्तू कधीही घेतली तरी ५० दिवस मिळणार, असं धरून लोक चालतात. प्रत्यक्षात त्याच कार्डावर एका खरेदीला २० दिवस मिळतात आणि दुसऱ्याच दिवशी केलेल्या खरेदीला ४९. हे दिवस आपले आपल्याला मोजता येतात आणि त्याला बोटांवरची बेरीज पुरते. मात्र हे सगळे दिवस एका अटीवर मिळतात, आणि ती अट मोडली की ते मागच्या तारखेपासून काढून घेतले जातात. म्हणून आधी मोजणी बघू आणि मग ती अट.

पायरी पहिली: तीन तारखा ओळखा

खरेदीची तारीख म्हणजे तुम्ही कार्ड स्वाइप केलं, टॅप केलं किंवा ऑनलाइन ओटीपी टाकला तो दिवस.

बिलाची तारीख म्हणजे बँक महिन्याभराचा हिशेब बंद करून स्टेटमेंट काढते तो दिवस. बिलावर ती ‘स्टेटमेंट डेट’ म्हणून दिसते. दर महिन्याला ती सहसा एकच असते, आणि तुमच्या शेजाऱ्याच्या कार्डाची तारीख वेगळी असू शकते. किराणा दुकानदार महिन्याच्या वहीत एक रेघ मारून वरच्या उधारीची बेरीज करतो आणि रेघेखालची उधारी पुढच्या महिन्यात धरतो, तशीच ही रेघ समजा. दोन रेघांमधला काळ म्हणजे बिलिंग सायकल.

मुदतीची तारीख म्हणजे ‘पेमेंट ड्यू डेट’. त्या बिलाचे पैसे या दिवसापर्यंत बँकेकडे जमा झालेले असले पाहिजेत. बिलाची तारीख आणि मुदत यांच्यामध्ये बहुतेक बँका १८ ते २० दिवस ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार व्याज सुरू होण्याआधी ग्राहकाला किमान पंधरवडा तरी मिळायलाच हवा.

या तिन्ही तारखा कार्डावर छापलेल्या नसतात. कार्डावर असते ती कार्ड संपण्याची तारीख, आणि नवखे लोक कधीकधी तीच धरून बसतात. एखादं जुनं बिल असेल तर ते उघडा. पहिल्या पानावर दोन्ही तारखा मिळतील. कार्ड नवं कोरं असेल आणि बिल अजून निघालंच नसेल, तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या तपशिलात बिलाची तारीख बघा किंवा ग्राहक सेवेला फोन करून विचारा. पहिली मोठी खरेदी करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पायरी दुसरी: खरेदी कुठल्या बिलात जाणार ते ठरवा

इथून पुढे एकच कार्ड धरून चालू. बिलाची तारीख दर महिन्याची १२, आणि मुदत त्यानंतर २० दिवसांनी. म्हणजे सायकल १३ तारखेला सुरू होते आणि पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला संपते.

नियम साधा आहे. खरेदीची तारीख १२ किंवा त्याआधीची असेल तर ती याच महिन्याच्या बिलात येईल. १३ किंवा त्यानंतरची असेल तर पुढच्या महिन्याच्या बिलात. तुमची बिलाची तारीख वेगळी असेल तर १२ च्या जागी ती घाला.

ही पायरी न करता थेट मुदतीच्या तारखेवरून मोजायला गेलं की चूक होते. ‘माझी मुदत १ तारखेला असते, आज २० जून, म्हणजे जेमतेम ११ दिवस उरले’ असं कुणी म्हणतं तेव्हा हिशेब चुकलेला असतो. २० जूनची खरेदी १२ जुलैच्या बिलात जाणार आणि तिची मुदत येणार १ ऑगस्टला. तिला मिळतात तब्बल ४२ दिवस. जुलैच्या सुरुवातीची मुदत आहे ती १२ जूनच्या बिलाची. या खरेदीशी तिचा काही संबंध नाही.

पायरी तिसरी: दिवस मोजा

बिल ठरलं की मोजणीत दोनच तुकडे उरतात. खरेदीपासून बिलापर्यंतचे दिवस आणि बिलापासून मुदतीपर्यंतचे दिवस. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचे बिनव्याजी दिवस. दुसरा तुकडा या कार्डावर कायम २० चा आहे, म्हणून बदलतो तो पहिलाच.

समजा ३६,००० रुपयांचा फ्रिज घ्यायचा आहे.

तो १२ जूनला घेतला आणि त्याच दिवशीच्या बिलात आला, तर बिलापर्यंतचे दिवस शून्य. मुदत २० दिवसांनी, म्हणजे २ जुलैला. मिळाले २० दिवस.

तोच फ्रिज १३ जूनला घेतला तर तो १२ जुलैच्या बिलात जाईल. १३ जून ते १२ जुलै २९ दिवस, आणि पुढे १ ऑगस्टपर्यंत २० दिवस. मिळाले ४९ दिवस.

एका रात्रीत २९ दिवसांचा फरक पडला. दुकान तेच, किंमत तीच, कार्डही तेच.

मोजताना खरेदीचा दिवस धरायचा नाही आणि मुदतीचा दिवस धरायचा, असा एकच नेम ठेवा. दोन्ही दिवस धरले तर उत्तर एकाने जास्त येतं.

आता जाहिरातीतले ते ५० दिवस कुठून येतात ते बघा. सायकल ३१ दिवसांच्या महिन्यात सुरू झाली की ती एका दिवसाने लांबते. १३ जुलैची खरेदी १२ ऑगस्टच्या बिलात जाते. ३० आणि २० मिळून ५० दिवस होतात आणि मुदत येते १ सप्टेंबरला. उलट फेब्रुवारीत सगळ्यात कमी मिळतात. लीप वर्ष नसेल तर १३ फेब्रुवारी ते १२ मार्च २७ दिवसच होतात, म्हणून त्या सायकलच्या पहिल्या दिवशी घेतलेल्या वस्तूलाही ४७ दिवसच मिळतात.

महिन्यांच्या या लहानमोठेपणामुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि तिथे लोक फसतात. बिलाची तारीख पक्की १२ असली तरी मुदतीची तारीख सरकत राहते. १२ जूनच्या बिलाची मुदत २ जुलै, १२ जुलैच्या बिलाची १ ऑगस्ट आणि लीप वर्ष नसेल तर १२ फेब्रुवारीच्या बिलाची ४ मार्च. काही बँका मुदतीची तारीख पक्की ठेवतात आणि मधले दिवस कमीजास्त होऊ देतात. काही मधले दिवस पक्के ठेवतात आणि तारीख हलू देतात. तुमची बँक काय करते ते लागोपाठच्या तीन बिलांवर कळतं. ‘माझी मुदत दोन तारखेला असते’ असं डोक्यात पक्कं बसलं आणि एका महिन्यात ती एक तारखेला आली, तर तो एक दिवस महाग पडू शकतो. दर बिलावरची छापील तारीख वाचायची सवय लावा.

सणासुदीला हाच हिशेब कसा दिसतो ते बघू. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. आपल्या कार्डावर दसऱ्याला घेतलेला टीव्ही १२ ऑक्टोबरच्या बिलात जातो, मुदत १ नोव्हेंबर, दिवस मिळतात ३०. लक्ष्मीपूजनाची खरेदी १२ नोव्हेंबरच्या बिलात जाते, मुदत २ डिसेंबर, दिवस ४२. दोन्ही खरेद्या ऑक्टोबरमधल्याच, पण पैसे भरायचे वेगवेगळ्या महिन्यांत. दिवाळीचा बोनस नोव्हेंबरच्या पगारात येणार असेल तर हे आधी माहीत असणं फार कामाचं आहे.

हाताने मोजायचा कंटाळा येत असेल तर एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये ए-२ या चौकटीत खरेदीची तारीख टाका आणि शेजारच्या तीन चौकटींत ही सूत्रं घाला. १२ आणि २० या आकड्यांच्या जागी तुमच्या कार्डाचे आकडे येतील.

```
B2:  =DATE(YEAR(A2), MONTH(A2)+IF(DAY(A2)>12,1,0), 12)
C2:  =B2+20
D2:  =C2-A2
```

पहिल्या सूत्रातून बिलाची तारीख येते, दुसऱ्यातून मुदत आणि तिसऱ्यातून बिनव्याजी दिवस. मुदतीची तारीख पक्की ठेवणारी बँक असेल तर दुसऱ्या चौकटीत सूत्र न घालता बिलावरची तारीख हाताने टाका.

रेघेच्या अगदी जवळची खरेदी

वर १२ आणि १३ तारखेचा फरक दाखवला म्हणून १२ तारखेच्या रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी ऑनलाइन ऑर्डर टाकायला जाऊ नका. तुम्ही कार्ड वापरता तेव्हा बँक फक्त रक्कम राखून ठेवते. दुकानदाराच्या बँकेकडून पक्की नोंद येऊन ती तुमच्या खात्यावर चढायला एखादा दिवस, कधी दोनतीन दिवस लागतात. बिल निघताना जी नोंद चढलेली असते ती त्या बिलात येते. न चढलेली पुढच्या बिलात जाते.

म्हणून १२ तारखेची खरेदी कधीकधी नशिबाने पुढच्या बिलात जाते आणि जवळपास महिना वाढून मिळतो. त्यावर विसंबू नका, कारण तीच नोंद त्याच दिवशीही चढू शकते. पैशांची सोय बघूनच तारीख ठरवत असाल तर मोठी खरेदी बिलाच्या तारखेनंतर एक दिवस सोडून करा. या कार्डावर ती १४ तारीख. १४ जूनला ४८ दिवस मिळतात. एका दिवसावर पाणी सोडून खात्री मिळते, आणि मला हा सौदा नेहमीच चांगला वाटतो.

खरेदी कुठे गेली हे तपासायचं तर नवीन बिल निघाल्यावर ॲपमध्ये ‘अनबिल्ड’ व्यवहारांची यादी बघा. फ्रिज त्या यादीत असेल तर तो पुढच्या बिलात जाणार. यादीत नसेल तर आत्ताच्या बिलात शोधा, तिथे सापडेल.

सगळ्या दिवसांमागची अट

बिनव्याजी दिवस मिळतात ते मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. पूर्ण म्हणजे ‘टोटल अमाउंट ड्यू’ समोरचा आकडा, पैशांसकट. त्याखाली ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ म्हणून एक छोटा आकडा असतो. तो भरला की उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. मागच्या बिलातली काही रक्कम शिल्लक राहिली तर बिनव्याजी मुदत जाते, हे बँकेने आपल्या मुख्य अटींच्या पत्रकात उदाहरणासह सांगितलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेचं बंधनच आहे. ते पत्रक बँकेच्या संकेतस्थळावर असतं आणि त्यातलं ते एक उदाहरण तरी प्रत्येकाने वाचावं.

आपण आपलंच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. १३ जूनला ३६,००० चा फ्रिज घेतला. ५ जुलैला ४,००० चा किराणा भरला. १२ जुलैचं बिल आलं ४०,००० चं, मुदत १ ऑगस्ट. त्या दिवशी ३०,००० भरले आणि १०,००० पुढच्या पगाराला भरू म्हणून ठेवले. ३ ऑगस्टला आणखी ५,००० ची खरेदी झाली. आता १२ ऑगस्टच्या बिलात व्याज किती येईल?

बहुतेकांचा अंदाज असा असतो: उरले १०,०००, महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३५० रुपये. बँक मात्र सहसा असा हिशेब करत नाही. बिल पूर्ण भरलं नाही म्हणजे बिनव्याजी मुदत संपली, आणि व्याज लागतं ते प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून. महिन्याला ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि मोजणी रोजची.

फ्रिजचे ३६,००० रुपये १३ जून ते १ ऑगस्ट, ४९ दिवस: व्याज सुमारे २,०३० रुपये.

किराण्याचे ४,००० रुपये ५ जुलै ते १ ऑगस्ट, २७ दिवस: १२४ रुपये.

उरलेले १०,००० रुपये १ ऑगस्ट ते १२ ऑगस्ट, ११ दिवस: १२७ रुपये.

नवीन खरेदीचे ५,००० रुपये ३ ऑगस्ट ते १२ ऑगस्ट, ९ दिवस: ५२ रुपये.

एकूण व्याज २,३३३ रुपयांच्या आसपास. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४२०. मिळून सुमारे २,७५० रुपये. बँकेबँकेत दर वेगळा असतो आणि मोजणीत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, पण चित्र असंच दिसतं. मागे ठेवले होते १०,००० आणि त्यापायी गेला त्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त.

यातल्या दोन ओळी पुन्हा बघा. एक, सगळ्यात जास्त व्याज लागलं ते फ्रिजवर, कारण रक्कम मोठी होती आणि त्याला बिनव्याजी दिवसही सगळ्यात जास्त मिळाले होते. सायकलच्या सुरुवातीला साधून घेतलेली खरेदी, अट मोडली की, तितकीच लांब मागे जाऊन व्याज खाते. दोन, ३ ऑगस्टच्या नव्या खरेदीला एकही बिनव्याजी दिवस मिळाला नाही. एरवी ती १२ ऑगस्टच्या बिलात येऊन सप्टेंबरपर्यंत बिनव्याजी राहिली असती.

याच्यासमोर तारीख साधून होणारा फायदा ठेवा. १२ ऐवजी १३ जूनला फ्रिज घेतला म्हणून ३६,००० रुपये २९ दिवस जास्त बचत खात्यात राहिले. खात्यावर ३ टक्के व्याज धरलं तर त्याचे होतात ८६ रुपये. एका बाजूला ८६ आणि दुसऱ्या बाजूला २,७५०. म्हणून मी नव्या कार्डधारकांना सांगतो, दिवस मोजायचे ते पैसे कधी लागणार हे कळावं म्हणून. चार रुपये कमावण्यासाठी तारखांशी खेळायला जाऊ नका, आणि जे पैसे मुदतीला हातात नसतील त्यांची खरेदी बिनव्याजी दिवसांच्या भरवशावर करू नका.

आकडा गोल करण्याची सवयही इथेच नडते. बिल ४०,२१७.६० चं असताना ४०,००० टाकले, बाकीचं पुढच्या वेळी बघू म्हटलं, तरी बिल अपुरंच भरलं गेलं. पूर्ण आकडा टाका. हातून सुटू नये म्हणून बचत खात्यातून ऑटो-डेबिट लावता येतं. पण लावताना पर्याय नीट बघा, कारण तिथे ‘पूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय असतात आणि चुकून किमान निवडलं तर दर महिन्याला दंड न लागता गुपचूप व्याज सुरू होतं.

एकदा साखळी तुटली की परत कशी जोडायची

वरच्या उदाहरणात १२ ऑगस्टचं बिल येईल अंदाजे १७,७५० रुपयांचं: मागचे १०,०००, नवे ५,००० आणि व्याज-जीएसटी. मुदत १ सप्टेंबर. सवयीप्रमाणे तुम्ही १ सप्टेंबरपर्यंत थांबलात आणि पूर्ण भरलंत, तरी १२ सप्टेंबरच्या बिलात पुन्हा व्याजाची ओळ दिसेल. लोक इथे चिडतात, ग्राहक सेवेशी भांडतात. पण रक्कम १२ ऑगस्टपासून १ सप्टेंबरपर्यंत बाकी होतीच, आणि बिनव्याजी मुदत बंद असल्याने ते २० दिवस व्याजाचेच होते. १५,००० मुद्दलावर त्याचे ३४५ रुपये होतात, जीएसटी धरून ४०७.

म्हणून साखळी तुटलेली असताना मुदतीची वाट बघायची नाही. बिल आल्याबरोबर, जमलं तर त्याआधीच, सगळी बाकी भरून टाका. अनबिल्ड यादीतले व्यवहारसुद्धा. तेच पैसे १४ ऑगस्टला भरले असते तर मागून येणारं व्याज ३५ रुपयांवर आलं असतं. तोवर त्या कार्डावर नवी खरेदीही थांबवा, कारण प्रत्येक नवी नोंद पहिल्या दिवसापासून व्याज घेऊन येते. पुढच्या बिलात व्याजाची ओळ आली तर तेही पूर्ण भरा. ज्या बिलात व्याजाची ओळ नाही आणि मागची बाकी शून्य आहे, तिथून मुदत पुन्हा सुरू झाली असं समजा.

मुदत चुकवून थकबाकी राहिली असेल तर पुढच्या बिलावर काही बँका मुदतीच्या जागी तारीख न छापता ‘इमीजिएट’ असं छापतात. म्हणजे त्या रकमेला आता मुदत नाही, ती आजच भरायची आहे.

पैसे भरले कधी आणि पोचले कधी

मुदतीच्या दिवशी पैसे बँकेकडे जमा झालेले हवेत. दुसऱ्या ॲपवरून भरलेले पैसे कार्डाच्या खात्यावर चढायला एकदोन दिवस लागू शकतात, चेकला तर आणखी. मुदत रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी येत असेल तर जास्तच सांभाळा. मुदतीच्या तीन दिवस आधी भरलं की हा प्रश्नच राहत नाही. बिनव्याजी दिवस मोजताना मुदतीतून हे तीन दिवस वजा करून ठेवले तर हिशेब आणखी प्रामाणिक होतो. ४९ ऐवजी ४६ धरा.

मुदतीनंतर तीन दिवसांची सवलत असते असं तुम्ही ऐकलं असेल. ती आहे, पण कशासाठी ते नीट समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बिल तीन दिवसांहून जास्त थकल्यावरच बँक उशिराचा दंड लावू शकते आणि क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवू शकते. १ ऑगस्टची मुदत असताना ४ ऑगस्टला भरलं तर दंड नाही आणि क्रेडिट स्कोअरलाही धक्का नाही. व्याजाचं तसं नाही. बिनव्याजी मुदत १ ऑगस्टलाच संपते, आणि ४ तारखेला पूर्ण रक्कम भरूनही खरेदीच्या तारखेपासूनचं व्याज पुढच्या बिलात येऊ शकतं.

ज्यांना हे दिवस मिळतच नाहीत

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढली तर बिनव्याजी दिवस शून्य. व्याज पैसे काढल्याच्या दिवसापासून लागतं आणि वर रोख काढण्याचं शुल्क वेगळं. मागचं बिल वेळेवर भरलेलं असलं तरीही. खरेदी ईएमआयमध्ये बदलून घेतली तर तिलाही ही मोजणी लागू नाही, ती कर्जाच्या हप्त्याप्रमाणे चालते. मात्र रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दुकानात क्यूआर कोडवर पैसे दिले, तर ती नेहमीसारखीच खरेदी धरली जाते आणि वरचा सगळा हिशेब तिला लागू होतो.

बिलाची तारीख बदलून घेणं

मोजणी करून बघितल्यावर पुष्कळांच्या लक्षात येतं की मुदत पगाराच्या आधी येते. पगार ७ तारखेला आणि मुदत १ तारखेला, म्हणजे दर महिन्याला खातं रिकामं असतानाच बिल भरायची वेळ. अशा वेळी बिलाची तारीख बदलून मागा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये निर्देशांत दुरुस्ती करून, ग्राहकाला सोयीनुसार निदान एकदा तरी बिलिंग सायकल बदलता आली पाहिजे, असं स्पष्ट केलं आहे. ॲप, नेटबँकिंग किंवा ग्राहक सेवेतून ही विनंती करता येते.

कुठली तारीख मागायची ते उलटं मोजून ठरवा. पगार ७ तारखेला येतो, एखाद्या महिन्यात उशीर झाला तर ९ पर्यंत. मुदत १२ तारखेच्या आसपास हवी. त्यातून २० दिवस मागे गेलं की बिलाची तारीख येते २२ किंवा २३. बँक सगळ्या तारखा देत नाही, तिच्या यादीतली सगळ्यात जवळची घ्या. जवळची तारीख पगाराच्या आधी मुदत आणत असेल तर पुढची घ्या.

तारीख बदलल्यानंतरची एक सायकल नेहमीपेक्षा लहान किंवा मोठी निघते. १२ वरून २२ वर गेलात तर एक बिल दहा दिवसांचं येऊ शकतं किंवा चाळीस दिवसांचं. दहा दिवसांचं आलं तर दोन मुदती पाठोपाठ येतात. म्हणून बदल झाल्यावरची पहिली दोन बिलं येतील तेव्हा त्यांवरच्या दोन्ही तारखा वाचा, ऑटो-डेबिट नव्या मुदतीला लागलंय का ते तपासा, आणि शीटमधल्या सूत्रात १२ चे २२ करा.